विद्युतचुंबकत्वाची चार आठवड्यांची उजळणी: प्रकल्प नोंदी, डिसेंबर २०२४

१ डिसेंबर, रविवार

भाची बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि २ फेब्रुवारी २०२५ रोजी होणाऱ्या, एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेला भौतिकशास्त्र घेऊन बसणार आहे. जानेवारीचा पूर्ण महिना तिने तीन-तीन तासांचे संपूर्ण पेपर सोडवण्यासाठी राखून ठेवला असल्यामुळे विद्युतचुंबकत्वाच्या उजळणीसाठी डिसेंबरचे चारच आठवडे हाती आहेत. सोमवार ते शुक्रवार रात्री दोन तास फोनवर आणि रविवारी समोरासमोर बसून तीन तास काम करायचे, असे आम्ही ठरवले आहे. शनिवार तिच्या एकटीच्या सरावाचा.

आज सुरुवातीला जुन्या प्रश्नपत्रिकांमधून निवडलेले २४ प्रश्न तिला सोडवायला दिले. १० बरोबर आले. चुकलेले १४ प्रश्न आम्ही एकेक करून पुन्हा वाचले आणि प्रत्येकासमोर चुकीचे कारण लिहिले. तिघांत आकडेमोड चुकली होती आणि दोघांत सूत्र आठवले नव्हते. उरलेल्या नऊ प्रश्नांत तिने लिहिलेले सूत्र अचूक होते, पण ते त्या ठिकाणी लागूच पडत नव्हते.

या नऊ प्रश्नांवरूनच आराखड्याचा क्रम ठरवला. पाठ्यपुस्तकाचा क्रम स्थिर विद्युतापासून तरंगांपर्यंत जातो आणि पहिल्यांदा शिकताना तोच योग्य असतो, परंतु उजळणीत काठिण्य मोजण्याचे माप निराळे हवे. पहिले समीकरण कागदावर उतरण्याआधी विद्यार्थ्याला किती निर्णय घ्यावे लागतात, हे मी माप धरले आहे. पहिला आठवडा एका निर्णयाच्या प्रश्नांचा आहे: सममिती आहे की नाही. यात गाऊस, अँपिअर, साधी परिपथे आणि क्षेत्रातील भारित कणाची गती येते. दुसऱ्यात सुवाहक, कपॅसिटर आणि डायइलेक्ट्रिक येतात, कारण तिथे काय स्थिर ठेवले आहे, हेही ठरवावे लागते. तिसऱ्यात काळाचा प्रवेश होतो, म्हणजे प्रवर्तन आणि प्रत्यावर्ती प्रवाह. चौथ्यात मॅक्सवेलची समीकरणे, पॉइंटिंग, दोन माध्यमांच्या सीमेवरचे परावर्तन आणि लाप्लासचे समीकरण.

४ डिसेंबर, बुधवार

गाऊस आणि अँपिअर शेजारी शेजारी ठेवून शिकवणे उपयोगी पडते आहे. लांब तार, अनंत पत्रा, सोलेनॉइड आणि टोरॉइड या चौघांचे तक्ते तिने स्वतः केले, आणि प्रत्येक आकृतीखाली कोणती सममिती वापरली, हे एका वाक्यात लिहिले. ते वाक्य लिहिता आले नाही, तर सूत्र लिहायचे नाही, असा नियम या आठवड्यापुरता केला आहे.

आजची चूक नोंदवून ठेवण्यासारखी आहे. चौरस वेटोळ्याच्या केंद्रापाशी चुंबकीय क्षेत्र विचारले होते. बाजूची लांबी L, प्रवाह I. तिने प्रत्येक बाजूसाठी लांब तारेचे सूत्र घेतले, अंतर L/2 ठेवले, चारने गुणले आणि 4μ₀I/(πL) असे उत्तर काढले. बरोबर उत्तर 2√2 μ₀I/(πL) आहे. तिचे उत्तर त्याच्या √२ पट, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त आले. बाजू मर्यादित लांबीची असल्यामुळे बायो-सावार्टच्या नियमाने जायला हवे होते.

तिने विचारले, "मामा, अँपिअरचा नियम तर कायम खरा असतो ना? मग इथे का चालत नाही?" हा प्रश्न योग्य होता आणि त्याला अर्धा तास दिला. नियम इथेही खरा आहे, पण बाजूभोवती काढलेल्या वर्तुळावर B सगळीकडे सारखा नाही, म्हणून तो समाकलनाच्या बाहेर काढता येत नाही. शिवाय तारेचा सुटा तुकडा घेतला, तर प्रवाह एका टोकाशी अचानक सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाशी संपतो; अशा अपुऱ्या प्रवाहाला स्थिर प्रवाहाचा अँपिअरचा नियम लावताच येत नाही. नियम खरा असणे आणि त्यातून उत्तर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून घेतले.

८ डिसेंबर, रविवार

पहिल्या आठवड्याच्या चाचणीत १५ पैकी १२ बरोबर. परिपथांवर आणि चुंबकीय क्षेत्रातील कणाच्या वर्तुळाकार गतीवर ती सहज चालते, त्यामुळे त्यांना यापुढे वेळ देणार नाही.

आराखड्यात एक बदल केला. लाप्लासचे समीकरण मी चौथ्या आठवड्यात टाकले होते, कारण त्याचे गणित अवघड दिसते. आज सहज म्हणून एकसमान क्षेत्रात ठेवलेल्या सुवाहक गोलाचा प्रश्न दिला, तर तिने बारा मिनिटांत V = −E₀(r − R³/r²)cosθ पर्यंत मजल मारली आणि पृष्ठभागावरील क्षेत्र जास्तीत जास्त 3E₀ होते, हेही सांगितले. अभ्यासक्रमातही या समीकरणाच्या साध्याच बाबी अपेक्षित आहेत. गणित लांबलचक असले, तरी निर्णय एकच असतो: सीमेवर विभव किती आहे. म्हणून लाप्लासला दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी आणले आणि तिथे मोकळा झालेला वेळ डायइलेक्ट्रिकला दिला.

१० डिसेंबर, मंगळवार

डायइलेक्ट्रिकची सुरुवात एका छोट्या जोडप्रश्नाने केली. पट्ट्यांमधल्या जागेत K = ४ असलेला पदार्थ अर्धाच भरला आहे. पहिल्या प्रकारात तो पट्ट्यांमधल्या अंतराचा अर्धा भाग व्यापतो, दुसऱ्यात पट्ट्यांच्या क्षेत्रफळाचा अर्धा भाग. पहिल्यात धारिता मूळच्या १.६ पट होते, दुसऱ्यात २.५ पट. तिने दोन्ही उत्तरे एकसर आणि समांतर जोडणीच्या सूत्रांनी बरोबर काढली.

मात्र पहिल्या प्रकारात दोन्ही थरांत सारखे काय असते, असे विचारल्यावर ती अडली. तिथे D सारखा राहतो, कारण दोन थरांमधल्या सीमेवर मुक्त भार नाही आणि D चा लंब घटक तिथे अखंड असतो. दुसऱ्या प्रकारात E सारखा राहतो, कारण सीमा क्षेत्राला समांतर आहे आणि E चा स्पर्शीय घटक अखंड असतो. सीमा अटी या नावाने वेगळे प्रकरण वाचताना त्या कोरड्या वाटतात. इथे मात्र तिला दिसले की एकसर आणि समांतर हे शब्द त्याच दोन अटींची घरगुती नावे आहेत.

१२ डिसेंबर, गुरुवार

आजचे दोन्ही तास एकाच प्रश्नावर गेले, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. धारिता १०० पिकोफॅरड, बॅटरी १०० व्होल्ट, आणि K = ४ चा ठोकळा पट्ट्यांमध्ये पूर्ण सरकवायचा. एकदा बॅटरी काढून घेतल्यावर आणि एकदा बॅटरी जोडलेली ठेवून. दोन्ही वेळी ऊर्जेचे काय होते आणि ठोकळ्यावरचे बल कोणत्या दिशेला असते, असा प्रश्न.

सुरुवातीची ऊर्जा ०.५० मायक्रोज्यूल. बॅटरी काढलेली असताना भार स्थिर राहतो, ऊर्जा चौथा हिस्सा, म्हणजे ०.१२५ मायक्रोज्यूल होते. ऊर्जा कमी झाली, म्हणजे ठोकळा आत ओढला जातो, हे तिने लगेच सांगितले. बॅटरी जोडलेली असताना विभवांतर स्थिर राहते आणि ऊर्जा चौपट, म्हणजे २.० मायक्रोज्यूल होते. यावर तिचा निष्कर्ष असा की, ऊर्जा वाढली, म्हणजे ठोकळ्याला बाहेर ढकलणारे बल असले पाहिजे. वर्गातले बरेच विद्यार्थी इथे हाच निष्कर्ष काढतात, आणि पर्यायांमध्येही तो नेमका दिलेला असतो.

मी तिला उत्तर सांगितले नाही. फक्त बॅटरीचा हिशेब मांडायला सांगितला. धारिता १०० वरून ४०० पिकोफॅरड झाली, म्हणजे बॅटरीने V²ΔC = १०⁴ × ३ × १०⁻¹⁰, अर्थात ३.० मायक्रोज्यूल दिले. क्षेत्राची ऊर्जा वाढली १.५ मायक्रोज्यूल. उरलेले १.५ मायक्रोज्यूल कुठे गेले, या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "ठोकळा ओढण्यात." ठोकळा सावकाश सरकू दिला, तर त्याला मागे धरून ठेवणाऱ्या हातावर तेवढे कार्य होते. बल दोन्ही वेळी आतच आहे. क्षेत्राच्या ऊर्जेवरून बलाची दिशा काढायची असेल, तर सगळे ऊर्जास्रोत हिशेबात धरावे लागतात. बॅटरी ही त्या प्रणालीची सदस्य आहे, बाहेरची प्रेक्षक नाही.

याच प्रश्नामुळे दुसऱ्या आठवड्याचे शीर्षक "काय स्थिर आहे?" असे ठेवले. यापुढे कपॅसिटरच्या प्रत्येक प्रश्नावर पहिली ओळ "Q स्थिर" किंवा "V स्थिर" अशी लिहायची आहे.

१५ डिसेंबर, रविवार

चाचणीत १५ पैकी ९. निकाल घसरला, पण चुकांचा प्रकार बदलला आहे. बद्ध भाराचे चिन्ह दोनदा चुकले आणि ध्रुवीकरण झालेल्या गोलाच्या आतले क्षेत्र −P/(3ε₀) ऐवजी −P/ε₀ लिहिले गेले. ते पातळ पत्र्याचे उत्तर होते. गोल आणि पत्रा यांची आकृती शेजारी काढून घेतली.

संख्यात्मक प्रश्नांत दोन गुण निव्वळ एककांनी गेले. तिथे पर्याय नसतात, उत्तर स्वतः भरायचे असते; ज्यूल आणि मायक्रोज्यूल यांची गल्लत झाली, तर ती दाखवून देणारे काहीच समोर नसते. प्रश्नातले एकक आधी अधोरेखित करायचे, मग वाचायला सुरुवात करायची, असे ठरले.

१८ डिसेंबर, बुधवार

प्रवर्तनात सूत्रे मोजकी आहेत आणि चुका मात्र खोलवरच्या आहेत. लेन्झच्या नियमाचे चिन्ह तिला जमते. अडचण आहे ती प्रेरित विद्युतक्षेत्राला विभव नसतो, हे मनापासून मान्य करण्यात. दोन वर्षे "दोन बिंदूंमधले विभवांतर" हा शब्दप्रयोग हातात मुरलेला असतो आणि तो इथे अचानक सोडून द्यावा लागतो.

यासाठी मी एक जुना प्रयोग कागदावर मांडला. एका लांब सोलेनॉइडभोवती १०० ओहम आणि ९०० ओहमचे दोन रोध जोडून एक वळसा केला आहे. त्यांचे दोन सांधे A आणि B. सोलेनॉइडमधला फ्लक्स एकसारख्या दराने बदलतो आहे आणि वळशात एक व्होल्ट इतके विद्युतगामक बल निर्माण होते. आता A आणि B यांना दोन व्होल्टमीटर जोडायचे, एक १०० ओहमच्या बाजूने आणि दुसरा ९०० ओहमच्या बाजूने, दोघांची धन टोके A लाच. दोघे काय दाखवतील?

"एकच वाचन. बिंदू तेच आहेत ना!" तिचे उत्तर ठाम होते.

प्रवाह काढला: एक व्होल्ट भागिले १००० ओहम, म्हणजे एक मिलिअँपिअर, वळशात एकाच दिशेने फिरणारा. १०० ओहमच्या रोधातून तो A कडून B कडे जातो, म्हणून पहिला मीटर +०.१ व्होल्ट दाखवतो. ९०० ओहमच्या रोधातून तोच प्रवाह B कडून A कडे परततो, म्हणून दुसरा मीटर −०.९ व्होल्ट दाखवतो. दोन वाचनांतला फरक बरोबर एक व्होल्ट आहे. दोन्ही मीटर अचूक आहेत. प्रत्येक मीटर आणि त्याच्या बाजूचा रोध यांच्या वळशात सोलेनॉइड येत नाही, म्हणून तो मीटर त्याच रोधावरचे व्होल्टेज दाखवतो; पण दोन मीटर मिळून होणारा वळसा सोलेनॉइडला वेढतो, म्हणून त्यांची वाचने जुळत नाहीत.

तिने पुन्हा पुन्हा आकृती काढली, दुसऱ्या मीटरच्या तारा ओढून पहिल्याच्या बाजूला आणल्या आणि मग त्याचेही वाचन +०.१ होते, हे स्वतः शोधले. तारा कोणत्या बाजूने नेल्या आहेत, यावर वाचन अवलंबून असते, ही गोष्ट तिला सूत्रापेक्षा या आकृतीतून जास्त पटली. सोलेनॉइडच्या बाहेर B जवळजवळ शून्य असूनही E शून्य का नसतो, या पुढच्या प्रश्नाला तिला माझी मदत लागली नाही.

२२ डिसेंबर, रविवार

चाचणीत १५ पैकी ११. प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रश्न गणिताने सुटतात, त्यांना एकच संध्याकाळ दिली होती आणि ती पुरली. परस्पर प्रेरकत्वाच्या प्रश्नात तिने एक चांगली गोष्ट आपणहून केली: मोठ्या वळशाचा फ्लक्स लहान वळशातून काढायचा की उलट, यांपैकी सोपी बाजू निवडली, कारण M₁₂ = M₂₁ असल्याने दोन्हीचे उत्तर एकच येते. लहान वळशाचे विखुरलेले क्षेत्र मोठ्या वळशावर समाकलित करत बसणाऱ्याचे त्यात निष्कारण दहा मिनिटे जातात.

२४ डिसेंबर, मंगळवार

विस्थापन प्रवाह आणि पॉइंटिंग एकाच उदाहरणात गुंफले: वर्तुळाकार पट्ट्यांचा, भारित होत असलेला कपॅसिटर. त्रिज्या a, अंतर d. काठावर B = μ₀ε₀(a/2)dE/dt येतो, त्यावरून पॉइंटिंग सदिशाचे परिमाण (ε₀a/2)E dE/dt, आणि त्याची दिशा आतल्या बाजूला. काठाच्या दंडगोलाचे क्षेत्रफळ 2πad ने गुणले, की मिळणारी राशी ही ½ε₀E² गुणिले आकारमान या ऊर्जेच्या वाढीच्या दराइतकीच असते. ऊर्जा तारेतून पट्ट्यांवर न येता बाजूच्या मोकळ्या जागेतून आत शिरते. तिने दिशेची खात्री उजव्या हाताने दोनदा केली, आणि कपॅसिटर रिकामा होताना ती उलटते का, हेही तपासले. उलटते, कारण dE/dt चे चिन्ह बदलते आणि B उलटा फिरतो.

२६ डिसेंबर, गुरुवार

सीमेवरचे परावर्तन फक्त लंब आपातासाठीच अभ्यासक्रमात आहे, त्यामुळे या भागाला ती सोपा समजत होती. हवेतून काचेत, अपवर्तनांक १.५. परावर्तित आयामाचे गुणोत्तर −०.२, पारेषित आयामाचे ०.८, दोन्ही बरोबर. मग तिने वर्ग केले: ०.०४ आणि ०.६४. बेरीज ०.६८ आली आणि ती तशीच पुढे जाऊ लागली.

मी फक्त "बाकीची ऊर्जा कुठे?" असे विचारले. ठोकळ्याच्या दिवशी विचारलेला हाच प्रश्न तिला आठवला आणि ती आपणहून मागे फिरली. तीव्रता आयामाच्या वर्गाबरोबर माध्यमावरही अवलंबून असते. अचुंबकीय माध्यमात ती n गुणिले E² च्या प्रमाणात असते. म्हणून पारेषित भागाला n₂/n₁, म्हणजे १.५ ने गुणायचे: ०.६४ गुणिले १.५ म्हणजे ०.९६. ०.०४ मिळवले की बरोबर १.

नंतर उलट दिशेने, काचेतून हवेत जाऊन पाहिले. परावर्तित आयाम +०.२, पारेषित आयाम १.२. पारेषित आयाम आपाती आयामापेक्षा मोठा आल्यामुळे ती दचकली, पण १.४४ गुणिले १/१.५ म्हणजे पुन्हा ०.९६ येते आणि ऊर्जेचा हिशेब जुळतो. R + T = १ ही तपासणी पंधरा सेकंदांची आहे आणि या प्रकरणातली जवळजवळ प्रत्येक चूक ती पकडते. एकच चूक तिच्या तावडीतून सुटते, ती म्हणजे r चे चिन्ह, कारण वर्गात ते हरवते. म्हणून ते चिन्ह वेगळे तपासावे लागते: विरळ माध्यमातून दाट माध्यमाच्या सीमेवर E ची कला π ने बदलते.

२९ डिसेंबर, रविवार

पहिल्या दिवसासारखेच, पण न पाहिलेले २४ प्रश्न दिले. १७ बरोबर आले. चुकलेल्या सातांपैकी एकाच ठिकाणी अस्थानी सूत्र वापरले होते. दोन एककांचे, एक घाईत वाचलेला. उरलेले तीन डायइलेक्ट्रिकचेच, त्यांतले दोन अनेक बरोबर पर्याय असलेल्या विभागातले. त्या विभागात चुकीला गुण वजा होत नाहीत, पण एखादा बरोबर पर्याय राहून गेला, तर अर्धे गुणही मिळत नाहीत. तिने दोन्ही वेळा बद्ध भाराविषयीचा पर्याय सोडून दिला होता.

जानेवारीच्या पेपरांबरोबर चालवायचे काम एवढेच ठेवले आहे: दर मंगळवारी डायइलेक्ट्रिकचे तीन प्रश्न, त्यांत एक ध्रुवीकरण झालेल्या गोलाचा किंवा दंडगोलाचा, आणि प्रत्येकात सर्व पृष्ठभागांवरचा बद्ध भार चिन्हासह लिहून एकूण बेरीज शून्य येते का, ते पाहायचे. ७ जानेवारीचे तीन प्रश्न आज तिच्या वहीत उतरवून दिले.